३+ दिसलं म्हणजे गेम लहान मुलांचा असतो का?

वाचकाचं पत्र

"माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. अजून अक्षराला अक्षर लावून वाचतो. माझ्याच अँड्रॉइड फोनवर रोज थोडा वेळ खेळतो आणि प्ले स्टोअरवर ३+ लिहिलेलं असेल तरच मी गेम घेते. तरीही फळं जुळवायच्या एका गेममध्ये मध्येच रक्ताळलेल्या चेहऱ्याची जाहिरात आली. त्यानंतर दोन रात्री तो एकटा झोपायला तयार नव्हता. त्याच गेममध्ये 'हिरे विकत घ्या' अशी खिडकी सारखी उघडते. नवऱ्याच्या आयफोनवर पाहिलं तर हाच गेम ९+ आहे! उलट बहिणीने सुचवलेला कोड्यांचा एक गेम ७+ होता, त्याखाली 'Mild Violence' असं होतं, म्हणून मी तो नको म्हटलं. तो विकतचा आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि तिची मुलगी तो मजेत खेळते. हे आकडे ठरवतं कोण? आणि त्यांच्यावर विसंबायचं नाही, तर गेम निवडायचा कसा?"

— एक आई

उत्तर

नमस्कार,

आकडा पाहूनच गेम घ्यायचा ही तुमची सवय मोडू नका. फक्त तो आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो ते एकदा तपासून घेऊ. तुम्ही ३+ चा अर्थ "तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी केलेला गेम" असा घेता आहात. बहुतेक पालक तसाच घेतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. प्ले स्टोअरवर एखाद्या बँकेचं अ‍ॅप उघडून पाहा. तेही ३+ असण्याचीच शक्यता जास्त. कॅल्क्युलेटर ३+ असतो, बुद्धिबळ ३+ असतं. तीन वर्षांच्या मुलाने बँकेत पैसे भरावेत असं कुणालाच म्हणायचं नसतं. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की आत मारामारी, भीतीदायक दृश्यं, शिव्या, नग्नता, जुगार, दारू-सिगारेट यांपैकी लहान मुलाने पाहू नये असं काही नाही. गेम कुणासाठी बनवला, तो मुलाला जमेल का, त्यात वाचावं लागतं का, पैसे मागितले जातात का, यांतल्या कशाचंही उत्तर त्या आकड्यात नाही.

आता तो ठरवतं कोण ते पाहू. स्टोअरमध्ये कुणीतरी बसून प्रत्येक गेम शेवटापर्यंत खेळतं आणि मग शिक्का मारतं, असं आपल्याला वाटतं. प्ले स्टोअरवर तसं होत नाही. तिथली रेटिंग आयएआरसी नावाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून येतात. प्ले स्टोअरने ती २०१५ पासून वापरायला घेतली. गेम बनवणारा एक प्रश्नावली भरतो. हिंसा आहे का, असेल तर माणसांवर की काल्पनिक प्राण्यांवर, रक्त दिसतं का, मूल दचकेल असं काही आहे का, पैसे लावल्यासारखा जुगार आहे का, खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात का, असे ते प्रश्न असतात. उत्तरं दिली की लगेच आकडे तयार होतात, आणि तेही एकाच वेळी अनेक: अमेरिकेसाठी ईएसआरबी या तिथल्या रेटिंग मंडळाचा, युरोपातल्या बहुतेक देशांसाठी पेगीचा, जर्मनीसाठी यूएसकेचा. ज्या देशांचं स्वतःचं मंडळ या व्यवस्थेत नाही, तिथे आयएआरसीचा सर्वसाधारण आकडा दिसतो. त्याच्या पायऱ्या ३+, ७+, १२+, १६+ आणि १८+ अशा आहेत. मंडळं नंतर तपासणी करतात आणि चुकीचं रेटिंग बदलायलाही लावतात, पण सुरुवात होते ती गेम बनवणाऱ्याच्या स्वतःच्या उत्तरांपासून. त्या उत्तरांशी प्रामाणिक राहायचं बंधन त्याच्यावर आहे. तरी तुम्ही वाचता ती मुळात त्याची कबुली आहे एवढं लक्षात असू द्या.

अ‍ॅपलचं गणित वेगळं आहे. आयफोनच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये आयएआरसी नाही. तिथे अ‍ॅपलची स्वतःची प्रश्नावली आणि स्वतःच्या पायऱ्या आहेत. पूर्वी त्या ४+, ९+, १२+ आणि १७+ होत्या. २०२५ मध्ये अ‍ॅपलने त्या ४+, ९+, १३+, १६+ आणि १८+ अशा केल्या. म्हणून जुनी माहिती वाचताना किंवा सॉफ्टवेअर अपडेट न केलेल्या फोनवर आकडे वेगळे दिसले तर गोंधळू नका.

एकाच गेमला दोन फोनवर दोन आकडे का, याचा उलगडाही यातच आहे. आयएआरसीच्या सर्वसाधारण पट्टीत ३+ च्या पायरीवर विनोदी किंवा काल्पनिक ढंगाची थोडी हाणामारी चालते. वाईट भाषा मात्र चालत नाही. अ‍ॅपलच्या पट्टीत तीच कार्टून हाणामारी, अगदी क्वचित असली तरी, गेमला ४+ मधून बाहेर काढते आणि ९+ मध्ये टाकते. तुमच्या त्या गेममध्ये फळं बाँबने फुटत असतील किंवा एखादं कार्टून पात्र दुसऱ्याच्या डोक्यात हातोडी घालत असेल, तर एवढ्यानेच एका स्टोअरवर ३+ आणि दुसऱ्यावर ९+ होऊ शकतं. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. दोघांच्या फूटपट्ट्या वेगळ्या आहेत. म्हणून एका स्टोअरचा आकडा दुसऱ्याशी ताडून "हा जास्त खरा" असं ठरवू नका. मात्र दोन्ही फोन घरात आहेत याचा फायदा जरूर घ्या. अ‍ॅपलच्या पानावर खाली "Information" मध्ये "Age Rating" वर बोट ठेवलं की ९+ कशामुळे ते लिहिलेलं सापडतं, आणि ते कारण आकड्यापेक्षा जास्त कामाचं असतं.

आता रक्ताळलेल्या चेहऱ्याकडे येऊ. माझ्या मते तुमच्या पत्रातला हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

गेम प्ले स्टोअरवर चढवताना बनवणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली म्हणजे ती प्रश्नावली, जिच्यातून ३+ निघतं. दुसरी म्हणजे हा गेम कोणत्या वयाच्या लोकांसाठी आहे. त्यासाठी वेगळे गट असतात: पाच वर्षं आणि त्याखालची, सहा ते आठ, नऊ ते बारा, मग तेरा ते पंधरा, सोळा-सतरा आणि अठरापुढचे. मुलांचा एखादा गट निवडला की गूगलचं कुटुंबांसाठीचं कडक धोरण लागू होतं: मुलांना कोणती जाहिरात दाखवायची, ती कोणत्या कंपन्यांमार्फत घ्यायची, मुलांची कोणती माहिती गोळा करायची नाही, अशी बरीच बंधनं येतात. फक्त मोठ्यांचे गट निवडले तर ती बंधनं लागत नाहीत. फळं जुळवायचे कित्येक गेम प्रवासात वेळ घालवणाऱ्या मोठ्या माणसांसाठी केलेले असतात. आत वावगं काही नाही, म्हणून रेटिंग ३+. लक्ष्य मात्र मोठी माणसं, म्हणून जाहिराती मोठ्यांच्या. आणि तुम्हाला वर ठळक दिसतं ते फक्त ३+. दुसरं उत्तर त्या आकड्याशेजारी छापलेलं नसतं. हे मला स्वतःला पटत नाही. पालकाच्या दृष्टीने तेच उत्तर आधी दिसायला हवं होतं.

मोठ्यांसाठीच्या गेममध्येही जाहिरात गेमच्या रेटिंगला शोभेल अशीच असावी, असा नियम आहे. तरी ती रक्ताळलेली जाहिरात आली, कारण जाहिरात गेमच्या आत भरून ठेवलेली नसते. खेळताना त्या क्षणी ती इंटरनेटवरून मागवली जाते. कोणत्या पातळीपर्यंतची जाहिरात चालेल हे गेम बनवणाऱ्याला जाहिरात पुरवणाऱ्या सेवेत ठरवून द्यावं लागतं. गूगलच्या सेवेत त्या पातळ्यांची नावं G, PG, T आणि MA अशी आहेत. G सर्वांसाठी, MA फक्त प्रौढांसाठी. एकाच गेममध्ये अनेक सेवा जोडलेल्या असतात आणि प्रत्येकीत हे वेगळं ठरवावं लागतं. एखाद्या ठिकाणी ते राहून गेलं, किंवा जाहिरातदाराने आपली जाहिरात चुकीच्या पातळीत टाकली, की भयपटाचा किंवा झोंबींच्या गेमचा तुकडा फळांच्या मध्ये येऊन बसतो. म्हणजे ३+ हा आकडा तपासतो तो गेम, आणि तुमच्या मुलाला घाबरवलं ते गेमच्या बाहेरून आलं होतं.

मग पानावर वाचायचं काय? क्रमाने पाहू, पण आकड्यापासून सुरुवात नको.

आधी गेमच्या नावाखालच्या बारीक ओळीकडे बघा. तिथे "Contains ads" आणि "In-app purchases" हे शब्द असतात किंवा नसतात. लहान मुलाच्या बाबतीत ३+ आणि ७+ मधल्या फरकापेक्षा हे दोन शब्द जास्त ठरवतात. "Contains ads" नसेल तर जाहिरातीतून दचकण्याचा प्रश्नच मोठ्या प्रमाणात मिटतो. "In-app purchases" असेल तर लगेच नाकारू नका, पण कसली खरेदी ते पाहा. "About this app" उघडून तळाशी गेलात की एका वस्तूची सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त किंमत लिहिलेली असते. एकच छोटी रक्कम दिसली तर बहुधा "जाहिराती काढा" किंवा "पूर्ण गेम उघडा" अशी एकदाचीच खरेदी असते. किमान आणि कमाल यांत शंभर-दोनशे पटींचं अंतर दिसलं, तर आत हिऱ्यांच्या थैल्या विकायला ठेवल्या आहेत असं समजा. आयफोनवर हे आणखी सोपं आहे. तिथे "Information" खाली "In-App Purchases" उघडलं की वस्तूंची नावं आणि किमती दिसतात. "Remove Ads" असं एकच नाव, आणि "Handful of Gems, Bag of Gems, Chest of Gems" अशी रांग, यांतला फरक नावांवरूनच कळतो. नवऱ्याचा फोन या कामाला वापरा.

मग आकड्यावर बोट ठेवा. प्ले स्टोअरवर "Rated for 3+" च्या शेजारी एक छोटं i असतं. ते दाबलं की आकड्यामागची कारणं दिसतात आणि त्याबरोबर गेममध्ये काय काय घडू शकतं याच्या सूचना. "Users Interact" म्हणजे अनोळखी खेळाडू तुमच्या मुलाशी संपर्क करू शकतात किंवा त्यांनी बनवलेलं काही त्याला दिसू शकतं. "Shares Location" म्हणजे फोन कुठे आहे ते इतरांना दिसू शकतं. "Includes Random Items" म्हणजे पैसे देऊन बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर. या सूचना आकडा वाढवतीलच असं नाही. आकडा ३+ राहूनही खाली "Users Interact" असू शकतं, कारण समोरचा अनोळखी माणूस काय बोलेल हे कुणीच आधी मोजू शकत नाही. साडेपाच वर्षांच्या मुलासाठी मी "Users Interact" किंवा "Includes Random Items" दिसलं की पुढे वाचतच नाही.

त्यानंतर गेम खरोखर मुलांसाठी केला आहे का, याच्या खुणा शोधा. प्ले स्टोअरवर त्या दोन आहेत. काही गेमवर "Teacher Approved" असा शिक्का असतो. तो शिक्षक आणि बालशिक्षणातल्या तज्ज्ञांनी पाहून दिलेला असतो आणि त्यात वयाचा गटही सांगतात. ज्या देशांत स्टोअरला "Kids" असा वेगळा विभाग आहे, तिथे हेच गेम एकत्र सापडतात. दुसरी खूण "Data safety" या भागात: "Committed to follow the Play Families Policy" ही ओळ. ती असेल तर बनवणाऱ्याने मुलांसाठीचं धोरण मान्य केलं आहे. ती नसेल तर लगेच उलटा निष्कर्ष काढू नका, कारण ती दाखवायची की नाही हे बनवणाऱ्यावर असतं. शिक्का असलेल्या गेममध्येही जाहिराती आणि खरेदी असू शकते, त्यामुळे नावाखालची ओळ इथेही वाचायचीच.

आयफोनवर खूण वेगळी असते. मुलांच्या विभागातल्या गेमवर "Made for Ages 5 and Under", "Made for Ages 6–8" किंवा "Made for Ages 9–11" असं लिहिलेलं असतं. तुम्ही ३+ मध्ये जे शोधत होतात ते खरं तर हे. शेजारच्या ४+ शी त्याची गल्लत करू नका. ४+ तर जवळपास सगळ्याच निरुपद्रवी अ‍ॅपना मिळतं. "Made for Ages" मिळवायचं तर गेमला बाहेरच्या वेबसाइटचे दुवे आणि खरेदीची बटणं मोठ्यांसाठीच्या एका फाटकामागे ठेवावी लागतात. ते फाटक म्हणजे बहुधा गुणाकाराचं एखादं गणित किंवा "दोन बोटांनी असं सरकवा" अशी लिखित सूचना. तुमच्या मुलाला अजून ते जमणार नाही. दोन वर्षांनी कदाचित जमेल.

आता तुमचे दोन गेम याच क्रमाने तपासू. फळांचा गेम: नावाखाली दोन्ही शब्द आहेत, कारण जाहिराती आणि हिरे तुम्ही स्वतः पाहिलेत. आतला मजकूर निरुपद्रवी, म्हणून ३+. मुलांसाठी केल्याच्या खुणा आहेत का ते तुम्ही पानावर पाहाल, पण ती जाहिरात आणि वारंवार उघडणारी हिऱ्यांची खिडकी पाहता नसतील असंच वाटतं. शिवाय अशा खिडक्यांमध्ये "नको" चं बटण बारीक आणि फिकट असतं, "घ्या" चं मोठं आणि रंगीत. न वाचता येणारं मूल रंगीत बटण दाबणार, हे उघड आहे. म्हणजे हा गेम वाईट नसला तरी तुमच्या मुलासाठी नाही.

कोड्यांचा गेम: जाहिराती नाहीत, पैसे एकदाच द्यायचे, आकडा ७+, कारण "Mild Violence". आयएआरसीच्या सर्वसाधारण पट्टीत ७+ म्हणजे काय ते आठवा: मुलाला थोडी भीती वाटेल अशी दृश्यं किंवा आवाज असू शकतात आणि सौम्य, खरी न वाटणारी किंवा नुसती सूचित केलेली हिंसा चालते. कोड्यांच्या गेममध्ये हे बहुधा पात्र खड्ड्यात पडणं, काट्यांना लागून नाहीसं होणं, एखाद्या राक्षसाने पाठलाग करणं अशा रूपात येतं. तुमच्या मुलाला हे चालेल की नाही हे कोणतंही मंडळ सांगू शकत नाही. अंधार आणि पाठलाग यांना घाबरणारं मूल असेल तर नाही, कार्टूनमध्ये कुणी धडपडलं की खदखदून हसणारं असेल तर खुशाल. हा निर्णय तुमचा आहे, आणि तो घ्यायला पानावरचा व्हिडिओ आणि चित्रं पाच मिनिटं पाहणं पुरेसं होतं. बहिणीला एवढंच विचारा, की सर्वांत भीतीदायक भाग कोणता आणि तो गेममध्ये किती आत येतो. माझ्या मते या दोघांपैकी ७+ चा गेम तुमच्या मुलासाठी जास्त सुरक्षित आहे. मात्र ७+ मध्ये एक वेगळी अडचण येऊ शकते: सूचना वाचाव्या लागत असतील तर तो कंटाळेल किंवा दर दोन मिनिटांनी तुम्हाला हाक मारेल. आकडा वाचनाची पातळी सांगत नाही.

पान वाचून निवडलेला गेमही मुलाच्या हातात देण्याआधी एकदा स्वतः खेळा. पंधरा मिनिटं पुरतात, पण पहिल्या दोन पातळ्यांवर थांबू नका. अनेक गेम सुरुवातीला जाहिरात दाखवतच नाहीत. माणूस रमला की चार-पाच पातळ्यांनंतर त्या सुरू होतात. म्हणून दहाव्या पातळीपर्यंत जा आणि एकदा मुद्दाम हरून बघा, कारण "पुन्हा जिवंत व्हा, हिरे द्या" ही खिडकी हरल्यावरच येते. जाहिरात बंद करायचं × किती सेकंदांनी दिसतं, ते खरंच बंद करतं की स्टोअर उघडतं, आणि गेममधून खरेदीच्या पडद्यापर्यंत किती टिचक्यांत पोचतो, हे पाहा. मग विमानाच्या चिन्हाचं बटण दाबून, वाय-फायही बंद आहे ना ते बघून, पुन्हा खेळा. इंटरनेट नसतानाही गेम चालला तर तुमचं निम्मं काम झालं, कारण मूल खेळताना फोन तसाच ठेवता येतो आणि नव्या जाहिराती येत नाहीत. एखादी आधीच उतरवून ठेवलेली जाहिरात मात्र तरी दिसू शकते.

प्रतिक्रिया वाचायच्या असतील तर वरच्या कौतुकाच्या वाचू नका. प्ले स्टोअरवर सर्वांत नव्या आणि कमी तारे असलेल्या प्रतिक्रिया वेगळ्या पाहता येतात. आयफोनवर "Most Critical" असा क्रम लावता येतो. जाहिरातींची तक्रार तिथे लगेच सापडते. गेल्या दोन-तीन महिन्यांच्या प्रतिक्रिया महत्त्वाच्या, कारण जुन्या वेळी गेम वेगळा असू शकतो.

आता फोनच्या कुलुपांबद्दल. प्ले स्टोअरमध्ये तुमच्या चित्रावर बोट ठेवून "Settings", मग "Family", मग "Parental controls" चालू केलं आणि पिन ठरवला की "Apps & games" मध्ये वयाची पायरी निवडता येते. पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. ते फक्त त्या फोनपुरतं असतं. आधीच फोनवर असलेले गेम त्याने जात नाहीत. शोधल्यावर किंवा थेट दुव्यावरून वरच्या वयाचा गेम दिसूही शकतो. आणि मुळात ते त्याच आकड्यावर चालतं: ३+ ठेवलं तर फळांचा गेम आत येणार, कोड्यांचा बाहेर राहणार. तुमच्या घरी नेमकं उलटं हवं आहे. त्यामुळे मुलाचा स्वतःचा फोन किंवा टॅब असेल तेव्हा आकड्याच्या चाळणीपेक्षा परवानगीची पद्धत जास्त उपयोगी पडते. अँड्रॉइडवर गूगलच्या फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या अ‍ॅपमध्ये मुलाचं खातं करून प्रत्येक डाउनलोडला तुमची मान्यता लागेल असं ठरवता येतं, आणि आयफोनवर कुटुंब गटात "Ask to Buy" तेच काम करतं. दोन्हींकडे एक पळवाट राहते: एकदा मान्य केलेला गेम काढून पुन्हा घेतला किंवा त्याचा अपडेट आला, तर पुन्हा विचारलं जात नाही.

तुमचा मुलगा तुमच्याच फोनवर खेळतो, तेव्हा दोन गोष्टी आज करा. एक, खरेदीसाठी दर वेळी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं प्ले स्टोअरच्या "Settings" मध्ये ठरवा आणि त्याचं बोट त्या फोनवर नोंदवलेलं नाही ना ते पाहा. हे गमतीने म्हणत नाही. मुलाने फोन उघडावा म्हणून त्याचा ठसा घेऊन ठेवलेली घरं असतात, आणि मग खरेदीचं कुलूपही त्याच ठशाने उघडतं. दोन, अँड्रॉइडची "App pinning" ही सोय फोनच्या सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये शोधून चालू करा आणि "बाहेर पडताना पिन विचारा" हा पर्यायही लावा. मग गेम उघडून तो पडद्यावर खिळवून ठेवता येतो. मूल गेममधून बाहेर पडून तुमच्या संदेशांमध्ये सहज पोचत नाही, पण खिळवलेला गेम स्वतः दुसरं अ‍ॅप उघडू शकतो, म्हणून पूर्ण विसंबू नका. आयफोनवर यालाच "Guided Access" म्हणतात. ते अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंग्जमध्ये असतं, आणि त्यात पडद्याचा एखादा कोपरा बोटाने गोल काढून निकामीही करता येतो. खरेदीचं बटण एका कोपऱ्यात असेल तर तोच झाका. जाहिरातीतलं चित्र मात्र यातल्या कशानेही थांबत नाही. त्याला उपाय दोनच: जाहिरात नसलेला गेम, किंवा बंद इंटरनेट.

फळांचा गेम काढून टाकण्याआधी त्याची तक्रार करा. प्ले स्टोअरवर गेमच्या पानावर वरच्या तीन टिंबांत "Flag as inappropriate" असतं. जाहिरात कशाची होती आणि गेमचं रेटिंग काय आहे, हे दोन ओळींत लिहा. त्या क्षणाचं स्क्रीनशॉट घेतलेलं असेल तर ते गेम बनवणाऱ्याला पाठवा. त्याचा ईमेल पत्ता त्याच पानावर असतो. नेमकी कोणती जाहिरात अडवायची हे त्याला चित्रावरूनच कळतं.

आणि कोड्यांचा गेम घेतलात तर दर मोठ्या अपडेटनंतर नावाखालची ती बारीक ओळ पुन्हा बघा. विकत घेतलेल्या गेममध्येही पुढे कधीतरी "In-app purchases" अवतरलेलं दिसू शकतं.

— सल्लागार